बाहेरच्या बिंदूतून अन्वस्ताला स्पर्शिका: चढ 4 आला, पण रेषा वक्राला भेटतच नाही

मुळाकाठ

माझी मुलगी अकरावीला विज्ञान शाखेत आहे आणि शांकवांचा धडा सोडवताना एका गणितावर अडली आहे. y² = 8x या अन्वस्ताला P(−3, 1) या बिंदूतून जाणाऱ्या स्पर्शिकांची समीकरणे काढायची आहेत. तिने विकलन करून dy/dx = 4/y असे सूत्र मिळवले, त्यात y = 1 घातला, चढ 4 आला आणि तिने y − 1 = 4(x + 3), म्हणजेच y = 4x + 13, असे उत्तर लिहिले. पुस्तकाच्या मागे मात्र दोन रेषा दिल्या आहेत आणि दोहोंपैकी एकीचाही चढ 4 नाही.

मी वाणिज्य शाखेचा माणूस असल्यामुळे मी तिला एवढेच सांगू शकलो की आलेखकागदावर काढून बघ. तिने काढून पाहिले, तर तिची रेषा अन्वस्ताच्या डावीकडून वर निघून जाते आणि वक्राला कुठेही भेटत नाही. बरोबर रीत कोणती हे तिला शिकवणीत सांगितले जाईलच. माझा प्रश्न वेगळा आहे. विकलनाचे सूत्र बरोबर आहे, आकडेमोड बरोबर आहे, तरीही जी रेषा आली तिचा वक्राशी काहीच संबंध नाही, हे कसे घडते? आणि हा 4 नेमका कशाचा चढ आहे?

अक्षांश

विकलन इथे वापरूच नये, त्याची गरज नाही. y² = 4ax या अन्वस्ताची चढ m असलेली स्पर्शिका y = mx + a/m ही असते. तुमच्या गणितात a = 2 आहे, म्हणून रेषा y = mx + 2/m. ती P मधून जायला हवी, म्हणून 1 = −3m + 2/m. दोन्ही बाजूंना m ने गुणले की 3m² + m − 2 = 0 हे वर्गसमीकरण मिळते, त्याचे अवयव (3m − 2)(m + 1) असे पडतात आणि m = 2/3 किंवा m = −1 येतो. स्पर्शिका झाल्या y = (2/3)x + 3 आणि y = −x − 2. दोन्हींत x = −3 घालून पाहा, y = 1 येईल.

बाहेरच्या बिंदूतून नेहमी दोन चढ मिळतात. m चे समीकरण एकच उत्तर देत असेल तर बिंदू वक्रावर आहे असे समजावे, आणि विवेचक ऋण आला तर तो आत आहे. एवढे लक्षात ठेवले की या प्रकारातले प्रत्येक गणित चार ओळींत संपते.

मुळाकाठ

धन्यवाद. पुस्तकातली उत्तरे हीच आहेत. पण 4 चे काय, हा प्रश्न तसाच राहिला. मुलीचे म्हणणे असे आहे की विकलनाने स्पर्शिकेचा चढ मिळतो असेच तिला शिकवले आहे, मग इथे ते वापरू नये हे तिने कशावरून ओळखायचे?

चौकटीची वही

मुलीचा प्रश्न योग्य आहे, आणि «विकलन वापरू नये» हे त्याचे उत्तर नाही. विकलन वापरता येते, फक्त ते योग्य बिंदूवर वापरावे लागते.

4/y या सूत्राकडे नीट पाहा. त्यात x कुठेच नाही. तुम्ही y = 1 घातला की ते सूत्र असे समजते की तुम्ही वक्रावरच्या अशा बिंदूबद्दल विचारत आहात ज्याचा y एक आहे. तसा बिंदू वक्रावर एकच आहे, (1/8, 1). त्या बिंदूपाशी स्पर्शिकेचा चढ खरोखरच 4 आहे. तो P च्या अगदी समोर, त्याच उंचीवर आहे. तुमच्या मुलीने समोरच्या बिंदूवरचा चढ उचलला आणि तो P पाशी आणून लावला. म्हणून तिची रेषा त्या स्पर्शिकेला समांतर राहून डावीकडे सरकली आणि वक्राला चुकली. y = 4x + 13 ही किंमत y² = 8x मध्ये घातली तर 16x² + 96x + 169 = 0 येते आणि विवेचक −1600 निघतो. आलेखकागदाने जे दाखवले तेच हे समीकरण सांगते आहे.

आता विकलनानेच गणित सोडवू. स्पर्शबिंदू आपल्याला ठाऊक नाही, म्हणून त्याला (h, k) म्हणू. तिथला चढ 4/k आहे. तीच रेषा P मधून जाते, म्हणून तिचा चढ (k − 1)/(h + 3) सुद्धा आहे. दोन्ही सारखे मांडून तिरका गुणाकार केला की k² − k = 4h + 12 मिळते. (h, k) वक्रावर आहे, म्हणून k² च्या जागी 8h लिहिता येते, आणि मग वर्ग नाहीसा होऊन k = 4h − 12 एवढेच उरते.

इथे थोडे थांबावे असे मी सुचवेन. दोन्ही स्पर्शबिंदू या एकाच सरळ रेषेवर आहेत, आणि तिचा चढ 4 आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. तो 4 P मधून जाणाऱ्या स्पर्शिकेचा चढ नसून दोन्ही स्पर्शबिंदूंना जोडणाऱ्या जीवेचा, म्हणजे स्पर्शजीवेचा, चढ आहे. पुढचे काम सोपे आहे. k² = 8h आणि 4h = k + 12, म्हणून k² − 2k − 24 = 0, आणि k = 6 किंवा −4. स्पर्शबिंदू (4.5, 6) आणि (2, −4) आले. त्यांना P शी जोडले की अक्षांश यांनी दिलेल्याच दोन रेषा मिळतात.

लघुत्तम

मी जेईईची तयारी करतो. आम्हाला हे T = 0 म्हणून पाठ करायला सांगितले आहे: y² च्या जागी yy₁, 2x च्या जागी x + x₁. इथे P घातला की y = 4(x − 3), म्हणजे y = 4x − 12, हीच वरची रेषा थेट मिळते. पण माझ्या वहीत एका पानावर «T = 0 ही स्पर्शिका» आणि दुसऱ्या पानावर «T = 0 ही स्पर्शजीवा» असे लिहिले आहे. दोन्हींचे सूत्र अक्षरशः एकच आहे. परीक्षेत मी बिंदू वक्रावर आहे का ते तपासून ठरवतो, पण एकच सूत्र दोन वेगळ्या गोष्टी कशा देते ते मला कधी कळले नाही.

चौकटीची वही

त्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. P ला हळूहळू वक्राकडे सरकवा. दोन्ही स्पर्शबिंदू एकमेकांच्या जवळ येऊ लागतात, स्पर्शजीवेचा वक्राच्या आतला तुकडा आखूड होत जातो, आणि P वक्रावर पोचला की दोन्ही बिंदू P मध्येच मिळतात. दोन बिंदूंतून जाणारी छेदिका त्या क्षणी स्पर्शिका होते. सूत्र सुरुवातीपासून स्पर्शजीवेचेच आहे आणि स्पर्शिका ही तिची शेवटची अवस्था आहे. तुमच्या वहीतल्या दोन पानांपैकी दुसरे पान पुरेसे आहे.

तपासणीही सोपी आहे. T = 0 ने मिळालेल्या रेषेत P च घालून पाहावा. y = 4x − 12 मध्ये x = −3 घातला तर −24 येतो आणि आपल्याला हवा आहे 1. जी रेषा P मधून जातच नाही ती P मधून काढलेली स्पर्शिका असूच शकत नाही.

रस्तेवाला

मी रस्त्यांच्या आखणीचे काम केले आहे, त्यामुळे हा विषय रोजचा आहे. पण तुम्ही सगळे तो उगाच अवघड करत आहात असे वाटते. बाहेरचा बिंदू म्हणजे दोन उतार जिथे मिळतात तो बिंदू. स्पर्शिका तर आधीच दिलेल्या असतात, एक चढ आणि एक उतार. त्या दोहोंमध्ये अन्वस्त बसवायचा असतो. समजा 3 टक्के चढानंतर 2 टक्के उतार आहे आणि वक्राची लांबी 200 मीटर घेतली आहे. दोहोंतला फरक 5 टक्के. मग छेदनबिंदूपासून वक्र बरोबर खाली 5 × 200 / 800, म्हणजे 1.25 मीटरवर येतो. जुन्या नोंदवहीत हेच सूत्र वापरून पातळ्या काढल्या जात. यात वर्गसमीकरण कुठेही सोडवावे लागत नाही.

अक्षांश

तुमचा प्रश्न उलटा आहे. इथे वक्र दिलेला आहे आणि स्पर्शिका शोधायच्या आहेत. तुमच्याकडे स्पर्शिका दिलेल्या आहेत आणि वक्र शोधायचा आहे. वर्गसमीकरण लागत नाही ते त्यामुळेच.

चौकटीची वही

प्रश्न उलटा आहे हे खरे, पण रस्तेवाला यांचे 1.25 मीटर वरच्या चित्रातच दडलेले आहेत, म्हणून ते बाजूला सारू नये.

त्यांचाच रस्ता घेऊ. वक्राची सुरुवात शून्य पातळीवर धरली तर 100 मीटर पुढे, 3 टक्के चढाने, छेदनबिंदू 3 मीटर उंचीवर येतो. तिथून 2 टक्के उताराने आणखी 100 मीटर गेल्यावर वक्राचा शेवट 1 मीटर उंचीवर आहे. सुरुवात आणि शेवट हे स्पर्शबिंदू आहेत, त्यांना जोडणाऱ्या स्पर्शजीवेचा मध्य 0.5 मीटरवर येतो. छेदनबिंदू 3 वर, जीवेचा मध्य 0.5 वर, आणि वक्र 1.75 वर, म्हणजे दोघांच्या बरोबर मध्ये.

आता आपले गणित पाहा. स्पर्शबिंदू (4.5, 6) आणि (2, −4) आहेत, त्यांचा मध्य (3.25, 1). त्याची उंची P एवढीच आहे. P(−3, 1) आणि हा मध्य यांच्या मधोमध येणारा बिंदू (0.125, 1), म्हणजेच (1/8, 1). मुलीने ज्या बिंदूचा चढ नकळत उचलला होता तोच हा. P पासून अन्वस्ताच्या अक्षाला समांतर रेषा काढली की ती स्पर्शजीवेला तिच्या मध्यावर भेटते, वक्र त्या अंतराचे दोन समान भाग करतो, आणि वक्रावरच्या त्या बिंदूतली स्पर्शिका जीवेला समांतर असते.

हे केवळ या आकड्यांचे नशीब नाही. k च्या वर्गसमीकरणात मुळांची बेरीज नेहमी P च्या उंचीच्या दुप्पट येते, म्हणून जीवेचा मध्य P च्याच उंचीवर असतो. तो मध्य जीवेवर आहे, म्हणून त्याचा x आणि P चा x यांची बेरीज y₁²/4 असते. तिचा निम्मा y₁²/8, आणि वक्रावर त्या उंचीला x नेमका तेवढाच असतो. आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अन्वस्ताच्या खंडाचे क्षेत्रफळ काढले तेव्हा हा गुणधर्म त्याने आधीच ठाऊक असलेला म्हणून वापरला. रस्त्याच्या नोंदवहीतले 800 हेही यातूनच आले आहेत: दोनदा निम्मे करून आलेले 4, लांबीच्या अर्ध्यामुळे 2, आणि टक्क्यांचे 100.

रस्तेवाला

हे मला ठाऊक नव्हते. सूत्रातले 800 कुठून येतात असे विचारल्यावर आम्हाला «ते तसेच असते» असे सांगण्यात आले होते. माझा प्रश्न वेगळा होता हे मान्य.

टी_स्क्वेअर

मी तंत्रनिकेतनात अभियांत्रिकी रेखाटन शिकवत असे. दोन गोष्टी सांगायच्या आहेत, एक अक्षांश यांच्यासाठी आणि दुसरी त्या मुलीसाठी.

अक्षांश, «m चे एकच उत्तर आले तर बिंदू वक्रावर आहे» हे तुमचे विधान चुकीचे आहे. हाच अन्वस्त घ्या आणि P(0, 4) घ्या. इथे y² = 16 हे 8x = 0 पेक्षा मोठे आहे, म्हणजे बिंदू स्वच्छ बाहेर आहे. तुमच्या रीतीने 4 = 0·m + 2/m, म्हणून m = 1/2, आणि एकच रेषा मिळते: y = x/2 + 4. दुसरी स्पर्शिका कुठे गेली? ती x = 0 आहे, म्हणजे शिरोबिंदूतली उभी रेषा. उभ्या रेषेला चढ नसतो, त्यामुळे y = mx + a/m या साच्यात ती मावतच नाही. विद्यार्थी ती हमखास गमावतात, आणि विवेचकाने ती सापडतही नाही, कारण m² चा सहगुणकच शून्य झालेला असतो आणि समीकरण वर्गसमीकरण राहिलेले नसते.

दुसरी गोष्ट कंपासची. अन्वस्ताची नाभी F(2, 0) आणि डायरेक्ट्रिक्स x = −2 आलेखकागदावर काढून घ्यावी. एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर धरावा. P ला केंद्र मानून F मधून जाणारे वर्तुळ काढावे. ते डायरेक्ट्रिक्सला दोन ठिकाणी छेदते. त्यातल्या एका छेदनबिंदूला D म्हणावे आणि FD चा लंबदुभाजक काढावा. हीच स्पर्शिका. दुसऱ्या छेदनबिंदूने दुसरी. स्पर्शबिंदू हवा असेल तर D मधून अक्षाला समांतर रेषा काढावी, ती लंबदुभाजकाला जिथे भेटेल तिथे तो आहे.

मुळाकाठ

मुलीने लगेच काढून पाहिले. वर्तुळ डायरेक्ट्रिक्सला 6 आणि −4 या उंचींवर छेदते. या तर k च्याच किमती आहेत! लंबदुभाजक P मधून जातो हे तिला पटले, कारण P पासून F आणि D दोन्ही त्रिज्येएवढ्याच अंतरावर आहेत. पण तो वक्राला फक्त स्पर्श करतो, छेदत नाही, हे कशावरून?

टी_स्क्वेअर

D मधून अक्षाला समांतर गेलेली रेषा वक्राला Q मध्ये भेटते असे धरा. Q वक्रावर आहे, म्हणून त्याचे F पासूनचे आणि डायरेक्ट्रिक्सपासूनचे अंतर सारखे आहे, आणि डायरेक्ट्रिक्सपासूनचे अंतर म्हणजेच QD. म्हणून Q लंबदुभाजकावर आहे. आता त्याच लंबदुभाजकावर दुसरा कोणताही बिंदू R घ्या. RF = RD हे तर आहेच, पण R चे डायरेक्ट्रिक्सपासूनचे सर्वांत कमी अंतर RD पेक्षा कमी असणार, कारण D हा R च्या समोरचा बिंदू नाही. म्हणजे R नाभीपासून जास्त दूर आणि डायरेक्ट्रिक्सला जास्त जवळ आहे, अर्थात वक्राच्या बाहेर आहे. Q सोडून सगळी रेषा बाहेर, म्हणून ती स्पर्शिका.

यातून बिंदू कुठे आहे तेही डोळ्यांनी दिसते. वर्तुळ डायरेक्ट्रिक्सपर्यंत पोचलेच नाही तर बिंदू आत आहे आणि नुसते टेकले तर वक्रावर आहे.

चौकटीची वही

टी_स्क्वेअर यांच्या वर्तुळात विवेचक प्रत्यक्ष मोजता येतो, ते राहून जाऊ नये. P च्या उंचीपासून D किती वर किंवा खाली आहे ते पायथागोरसने काढले तर त्याचा वर्ग (x₁ − 2)² + y₁² − (x₁ + 2)² येतो, आणि कंस उलगडले की फक्त y₁² − 8x₁ उरतो. आपल्या P साठी तो 1 + 24 = 25 आहे, म्हणून D हे P च्या उंचीपासून 5 सेंटिमीटर वर आणि 5 सेंटिमीटर खाली आहेत. 1 + 5 = 6 आणि 1 − 5 = −4. वर्गसमीकरणात ज्या राशीचे वर्गमूळ घ्यावे लागते ती इथे पट्टीने मोजता येते.

एक मर्यादाही लक्षात ठेवावी. P वक्राच्या फार जवळ असेल तर ही रचना कागदावर बिघडते. P(0.1, 1) घ्या. तो वक्रापासून जेमतेम पाव मिलिमीटर बाहेर आहे. वर्तुळाची त्रिज्या सुमारे 2.147 आणि डायरेक्ट्रिक्सपर्यंतचे अंतर 2.1 सेंटिमीटर, म्हणजे वर्तुळ डायरेक्ट्रिक्सच्या पलीकडे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी जाते. पेन्सिलची रेघ जवळपास तेवढीच जाड असते. छेदनबिंदू खरे तर एकमेकांपासून जवळजवळ 9 मिलिमीटर दूर आहेत, पण दोन्ही रेघा त्या सगळ्या पट्ट्यात एकमेकींवर लोळत असतात आणि D नेमका कुठे ते सांगता येत नाही. अशा वेळी समीकरणानेच काढावे.

अक्षांश

(0, 4) चे उदाहरण मान्य आहे. माझे विधान «x₁ शून्य नसेल तर» एवढी अट घालून वाचावे. पण मी m चीच रीत आधी वापरेन. परीक्षेत बहुतेक वेळा स्पर्शिकांची समीकरणे किंवा त्यांच्या चढांचा संबंध विचारतात, स्पर्शबिंदू विचारत नाहीत. m² x₁ − m y₁ + a = 0 या एका समीकरणातून मुळांचा गुणाकार a/x₁ आहे हे लगेच दिसते, आणि P डायरेक्ट्रिक्सवर असेल, म्हणजे x₁ = −a, तर गुणाकार −1 होऊन स्पर्शिका काटकोनात येतात. k च्या रीतीने हे इतक्या पटकन दिसत नाही.

चौकटीची वही

काटकोनाच्या गणितासाठी तुमची रीत सरस आहे. पण शिकणाऱ्याच्या हातात आधी k चीच रीत द्यावी असे माझे मत आहे, कारण तीत काहीच गमावत नाही. P(0, 4) साठी k = 4 ± 4, म्हणजे 8 आणि 0. k = 0 हा शिरोबिंदू आपोआप समोर येतो, तिथला चढ 4/0 लिहिण्याची वेळ आली की उभी रेषा आहे हे विद्यार्थ्याला स्वतःच कळते. साचा पाठ केला की अपवादही पाठ करावे लागतात.

अक्षांश

एक ओळीचा अपवाद पाठ करणे मला जड वाटत नाही. यावर आपले एकमत होणार नाही.

लघुत्तम

माझी आणखी एक शंका आहे. P आत असेल तर स्पर्शिका निघत नाहीत, पण T = 0 तरीही एक रेषा देतोच. P(3, 1) घातला तर y = 4x + 12 येते. ही कोणत्या दोन बिंदूंना जोडते? स्पर्शबिंदूच नाहीत, तर स्पर्शजीवा कशाची?

चौकटीची वही

k चे समीकरण तिथे k² − 2k + 24 = 0 असे होते आणि त्याची मुळे संमिश्र आहेत, 1 + i√23 आणि 1 − i√23. पण त्यांची बेरीज 2 आणि गुणाकार 24 वास्तवच राहतात, आणि रेषेचे समीकरण ठरायला तेवढे पुरते. म्हणून बिंदू दिसत नसले तरी रेषा दिसते. ती वक्राच्या पूर्ण बाहेर आहे.

ती करते काय, हे मी सांगण्यापेक्षा तुम्हीच पाहा. त्या रेषेवरचे कोणतेही दोन-तीन बिंदू घ्या आणि प्रत्येकाची स्पर्शजीवा काढा.

लघुत्तम

(−3, 0) घेतला: स्पर्शजीवा x = 3. (−2, 4) घेतला: y = x − 2. (−4, −4) घेतला: y = 4 − x. तिन्ही रेषा (3, 1) मधून जातात.

मुळाकाठ

मुलीने चौथा बिंदू (−1, 8) घेऊन पाहिला. 8y = 4(x − 1), आणि x = 3 घातला की y = 1. ती आता विचारते आहे की हे नेहमीच का होते. तिचे म्हणणे असे की yy₁ = 4(x + x₁) यात दोन्ही बिंदूंची अदलाबदल केली तरी समीकरण बदलत नाही, म्हणून पहिला दुसऱ्याच्या रेषेवर असेल तर दुसरा पहिल्याच्या रेषेवर असणारच. हे पुरेसे आहे का, की आणखी काही सिद्ध करावे लागेल?

चौकटीची वही

पुरेसे आहे.